प्रकाशकनामांचे प्रमाणीकरण

संदर्भसूचीत किंवा ग्रंथसूचीत एकाच प्रकाशन संस्थेचे नाव सर्व नोंदींत एकाच रूपात यावे, म्हणून ते ठरावीक नियमांनी आखूड आणि एकसारखे करण्याच्या कामाला प्रकाशकनामांचे प्रमाणीकरण म्हणतात. कामाचे दोन भाग असतात. नावाच्या शेवटी येणारी कंपनीदर्शक शेपटे (लिमिटेड, इन्कॉर्पोरेटेड, प्रायव्हेट लिमिटेड, जर्मन जीएमबीएच, डच बी.व्ही., फ्रेंच एस.ए. इत्यादी) काढून टाकणे हा पहिला, आणि प्रकाशकासोबत गावाचे नाव द्यायचे की नाही हे ठरवणे हा दुसरा. बहुतेक लेखन-मार्गदर्शिका हे दोन्ही नियम वेगवेगळ्या परिच्छेदांत सांगतात. प्रत्यक्ष सूची हाताळताना मात्र ते एकमेकांत अडकलेले दिसतात. नाव जितके छाटावे तितकी दोन संस्था एकसारख्या दिसण्याची शक्यता वाढते, आणि त्यांना वेगळे दाखवण्याचे काम मग गावावर येऊन पडते.

शेपटे येतात कुठून

एकाच सूचीत एकाच संस्थेची चार रूपे दिसतात याचे कारण बहुधा पुस्तकातच असते. शीर्षकपृष्ठावर संस्थेचे व्यवहारातले नाव असते, तर त्याच्या मागच्या पानावर, जिथे मुद्रणाधिकार आणि आवृत्तीचा तपशील असतो, तिथे कायद्याने नोंदलेले पूर्ण नाव येते. एक जण नोंद शीर्षकपृष्ठावरून उतरवतो, दुसरा मागच्या पानावरून, तिसरा एखाद्या ग्रंथालयाच्या तालिकेतून, आणि पुस्तकविक्रेत्याच्या संगणकावरून आलेली नोंद चौथीच असते. ‘लिमिटेड’ हा शब्द भागधारकांची जबाबदारी किती हे सांगतो. पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला त्याचा उपयोग नाही. म्हणून एपीए, एमएलए आणि शिकागो या तिन्ही प्रचलित संदर्भलेखन-पद्धती कंपनीचा कायदेशीर प्रकार सांगणारे शब्द गाळायला सांगतात. नावाआधीचे इंग्रजी उपपद ‘द’ शिकागो आणि एमएलए पद्धतींत गळते.

ग्रंथालयाची तालिका हे मात्र वेगळे प्रकरण आहे. १९७८ च्या एएसीआर-२ या तालिका-संहितेत प्रकाशकाचे नाव ओळख पटेल इतक्या आखूड रूपात द्यावे असा नियम होता. २०१० मध्ये आलेल्या आरडीए संहितेने तो फिरवला आणि पुस्तकावर जसे छापले आहे तसेच नाव उतरवायला सांगितले. त्यामुळे तालिकेतून थेट खेचलेल्या नव्या नोंदींत शेपटे शाबूत असतात आणि जुन्या नोंदींत ती आधीच छाटलेली असतात. तालिकेचा हेतू हातातल्या प्रतीचे वर्णन करणे हा आहे, संदर्भसूचीचा हेतू वाचकाला पुस्तकापर्यंत नेणे हा. त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावून ‘चूक’ काढण्यात अर्थ नसतो.

काय कापायचे, काय राखायचे

लिमिटेड, इन्कॉर्पोरेटेड, एलएलसी, जीएमबीएच ही शेपटे निर्धास्त कापावीत. तिथे डोके चालवावे लागत नाही. ‘कंपनी’पासून पुढे मात्र चालवावे लागते. एमएलए आणि शिकागो ‘कंपनी’ आणि ‘अँड कंपनी’ गाळतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीचा कल नाव पुस्तकावर दिसते तसे ठेवून फक्त कायदेशीर प्रकार गाळण्याकडे आहे. ‘सन्स’ आणि ‘ब्रदर्स’ हे शब्द कंपनीचा प्रकार सांगत नाहीत, ते नावाचाच भाग आहेत. जॉन वायली अँड सन्स किंवा हार्पर अँड ब्रदर्स यांतून ते आपोआप उडवू नयेत. ‘वायली’ असे आखूड रूप चालते, पण तो संपूर्ण सूचीपुरता घेतलेला निर्णय असावा. यंत्राने शेवटचा शब्द कापला म्हणून उरलेले ‘जॉन वायली अँड’ असे लटकते रूप नव्हे.

‘प्रेस’चे तसेच आहे. विद्यापीठाच्या प्रकाशनातला ‘प्रेस’ कापला की उरते नुसते विद्यापीठ, आणि विद्यापीठे स्वतःच्या नावावरही अहवाल व पुस्तिका काढत असतात. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो आणि युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस ही सूचीत दोन वेगळी नावे आहेत. एमएलए पद्धत इथे आद्याक्षरांवर भागवते, पण ‘प्रेस’ पूर्णपणे सोडत नाही, ते याचमुळे. फ्रेंच नावांत ‘एदिसियों’ म्हणजे ‘प्रकाशने’ हा शब्द बहुतेकदा काढता येतो. एदिसियों गालिमारचे नुसते ‘गालिमार’ कोणालाही कळते. पण ‘एदिसियों द मिनुई’मधून तो काढला तर ‘मध्यरात्रीची’ एवढाच पांगळा तुकडा हाती राहतो. परकीय नावाचे भाषांतर तर करूच नये. कापल्यावर उरलेला भाग त्या संस्थेला कोणी बोलताना वापरेल का, ही साधी कसोटी अशा ठिकाणी पुरते.

‘अँड’ आणि त्याचे चिन्ह यांतले एकच ठरवावे. याला तत्त्वाची बाजू नाही, पण दोन्ही रूपे राहिली तर संगणक त्यांना दोन प्रकाशक समजतो आणि अनुक्रमणिकेत एकाच संस्थेची पुस्तके दोन ठिकाणी जातात.

छाटल्यामुळे गावाची गरज: मॅकमिलन

मॅकमिलन हे घराणे १८४३ मध्ये लंडनमध्ये सुरू झाले. १८६९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला शाखा काढली, आणि १८९६ पासून ही अमेरिकन बाजू ‘द मॅकमिलन कंपनी’ या नावाने स्वतंत्र संस्था म्हणून चालू लागली. लंडनची मूळ संस्था ‘मॅकमिलन अँड कंपनी’. आता नियम लावून पाहावा. पहिल्या नावातून ‘द’ आणि ‘कंपनी’ गेले, दुसऱ्यातून ‘अँड कंपनी’ गेले. दोन्हीकडे ‘मॅकमिलन’ उरले, आणि दोन संस्थांमधला फरक पुसला गेला.

रवींद्रनाथ टागोरांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ची नोंद करताना हे अडते. हे पुस्तक आधी १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढले आणि १९१३ मध्ये मॅकमिलनने. पण १९१३ चे मॅकमिलन दोन आहेत, एक लंडनचे आणि एक न्यूयॉर्कचे. ‘मॅकमिलन, १९१३’ एवढ्या नोंदीवरून वाचकाला कोणती प्रत हवी हे कळत नाही, आणि दोन्ही प्रतींत तोच मजकूर त्याच पानावर येईल असे धरून चालता येत नाही. पृष्ठक्रमांक देऊन उद्धृत करणाऱ्याला इथे गाव द्यावेच लागते: ‘लंडन: मॅकमिलन, १९१३’ किंवा ‘न्यूयॉर्क: मॅकमिलन, १९१३’.

शेपूटच ठेवले तर, असे कोणी म्हणेल. ‘मॅकमिलन अँड कंपनी’ आणि ‘मॅकमिलन कंपनी’ हा भेद तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण वाचकाच्या नजरेला तो टिकत नाही, आणि पुढचा संपादक त्याला विसंगती समजून दुरुस्त करून टाकतो. गाव अशा सुधारणेला बळी पडत नाही.

मार्गदर्शिकांनी गाव का सोडले

प्रकाशनस्थळ हा शोधासाठी दिलेला पत्ता होता. पुस्तक मागवायचे तर प्रकाशकाला लिहावे लागे, आणि जुन्या काळात छापणारा व विकणारा कोण यापेक्षा ते कुठे छापले हेच जास्त ओळखीचे असे. आता एका संस्थेची कचेरी अनेक शहरांत असते आणि शीर्षकपृष्ठावर चार-पाच गावांची रांग असते. त्यातले पहिले लिहायचे असा नियम झाला, पण पहिले गाव वाचकाला काही नवे सांगेनासे झाले. एमएलएच्या २०१६ च्या आठव्या आवृत्तीने सर्वसाधारण पुस्तकांसाठी गाव सोडले. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली, तिनेही सोडले. शिकागोने २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत ते सक्तीचे ठेवले नाही.

सोडताना राखलेले अपवाद पाहिले की गाव खरोखर काय काम करते ते दिसते. १९०० पूर्वीच्या पुस्तकांना एमएलए आणि शिकागो दोन्ही पद्धतींत प्रकाशकाऐवजी नुसते गाव चालते, कारण त्या काळात मुद्रक, विक्रेता आणि प्रकाशक या भूमिका बऱ्याचदा वेगळ्या झालेल्या नसत आणि शीर्षकपृष्ठावरची नावांची यादी कोणाला प्रकाशक म्हणायचे हे सांगत नसे. एकाच पुस्तकाची दोन देशांतली रूपे वेगळी असतील, उदाहरणार्थ ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्तीत शब्द किंवा वर्णलेखन बदलले असेल, तर एमएलए गाव द्यायला सुचवते. अनोळखी संस्थेने अनपेक्षित ठिकाणाहून काढलेले पुस्तक हा तिसरा अपवाद. गीतांजलीचे प्रकरण दुसऱ्या अपवादाच्या जवळचे आहे, पण नेमके तेच नाही: तिथे गाव लागते ते प्रकाशकाचे नाव आपणच छाटल्यामुळे. हा चौथा अपवाद मार्गदर्शिकांत वेगळा लिहिलेला सापडत नाही. तो सूची करणाऱ्याने मनात ठेवायचा असतो.

गाव द्यायचेच ठरले, तर ते प्रकाशनाचे असावे, छपाईचे नव्हे. मागच्या पानावरच्या ‘अमुक देशात मुद्रित’ या ओळीतून उचललेले गाव ही नेहमीची चूक आहे. एखाद्या प्रकाशकाच्या नोंदींत मध्येच वेगळ्याच खंडातले शहर दिसले की आधी तिथे पाहावे. केंब्रिज एकटे लिहू नये: इंग्लंडमधले केंब्रिज आणि मॅसॅच्युसेट्समधले केंब्रिज दोन्ही पुस्तकांची गावे आहेत. प्रकाशकाच्या नावातच गाव किंवा राज्य असेल तर ते पुन्हा लिहिणे फुकट जाते. शहराचे नाव नंतर बदलले असेल तर पुस्तकावरचेच राहू द्यावे. लेनिनग्राडला छापलेले पुस्तक सेंट पीटर्सबर्गचे होत नाही.

गाव असूनही न सुटणारी गाठ: स्प्रिंगर

मॅकमिलनच्या प्रकरणात गावाने काम भागवले. स्प्रिंगरच्या प्रकरणात भागत नाही, म्हणून ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

युलिउस स्प्रिंगर यांनी १८४२ मध्ये बर्लिनमध्ये सुरू केलेली संस्था म्हणजे श्प्रिंगर-फरलाग (इंग्रजी उच्चाराने स्प्रिंगर). ‘फरलाग’ म्हणजे प्रकाशनगृह. गणित, भौतिकी आणि वैद्यक यांतली पुस्तके काढणाऱ्या या संस्थेने १९६४ मध्ये न्यूयॉर्कला कचेरी उघडली. पण त्याआधीच, १९५० मध्ये, याच घराण्यातल्या बर्नहार्ड स्प्रिंगर यांनी न्यूयॉर्कमध्ये स्प्रिंगर पब्लिशिंग कंपनी ही वेगळी संस्था काढलेली होती. तिचा भर परिचर्या, मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांवर. म्हणजे नाव एक, गाव एक, संस्था दोन. एखाद्या मिश्र सूचीत कच्च्या नोंदी साधारण अशा येतात:

```
Springer-Verlag New York Inc.
Springer Verlag
Springer-Verlag GmbH
Springer Publishing Co.
Springer Publishing Company, Inc.
Springer
```

पहिली तीन रूपे ‘स्प्रिंगर’ करावीत. इन्कॉर्पोरेटेड आणि जीएमबीएच ही शेपटे आहेत, ‘फरलाग’ काढता येतो आणि ‘न्यूयॉर्क’ हा शाखेचा पत्ता आहे. चौथ्या-पाचव्या रूपांना तोच नियम लावून ‘पब्लिशिंग कंपनी’ कापली की ती याच ढिगात जाऊन मिसळतात. इथे नियम थांबवावा लागतो: ‘स्प्रिंगर पब्लिशिंग’ एवढे राखायचे, कारण या नावात ‘पब्लिशिंग’ हा शब्द भरीचा नाही, ओळखीचा आहे. इतर प्रकाशकांच्या नावांतला तोच शब्द गाळला तरी चालतो. विसंगतीचा आरोप आला तर तो सोसावा.

खरी अडचण सहाव्या ओळीची आहे. आधीच कोणीतरी छाटलेले नुसते ‘स्प्रिंगर’, आणि गावाच्या रकान्यात ‘न्यूयॉर्क’. इथे आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक उपयोगी पडतो. त्याचा देश किंवा भाषागट सांगणारा आकडा आणि त्यापुढचा प्रकाशकाचा गट मिळून कोणाचे पुस्तक ते सांगतात. बर्लिन-हायडलबर्गच्या पुस्तकांवर `3-540`, त्याच संस्थेच्या न्यूयॉर्कच्या पुस्तकांवर `0-387`, आणि स्प्रिंगर पब्लिशिंगच्या पुस्तकांवर `0-8261` हे उपसर्ग दिसतात. तेरा अंकी क्रमांकात त्यांच्याआधी `978` येतो. नोंदीत आयएसबीएन नसेल, तर वर्ष पाहावे. ‘स्प्रिंगर, न्यूयॉर्क, १९५८’ अशी नोंद बर्लिनच्या संस्थेची असू शकत नाही, तिची न्यूयॉर्कची कचेरी तेव्हा नव्हतीच. ती स्प्रिंगर पब्लिशिंगकडे जाते. १९६४ नंतरची पण आयएसबीएन रूढ होण्याआधीची, म्हणजे साधारण १९७० पर्यंतची नोंद मात्र आकड्यांवरून सुटत नाही. तिथे विषय अंदाज देतो (अवकल समीकरणांवरचे पुस्तक परिचर्येच्या प्रकाशकाने काढले नसावे), आणि खात्री फक्त शीर्षकपृष्ठ देते.

हे सगळे झाल्यावर गाव छापायचे का? स्प्रिंगरसाठी नाही. बर्लिन आणि न्यूयॉर्क ही एकाच संस्थेची दोन दारे आहेत आणि दोन्ही संस्थांची नावे आता वेगळी झाली आहेत. ज्या ठिकाणी गावाने गाठ सुटायला हवी होती तिथे ती नावाने सुटली. मॅकमिलनमध्ये याच्या नेमके उलट झाले होते. म्हणून ‘सगळीकडे गाव’ किंवा ‘कुठेच गाव नाही’ या दोन्हींपेक्षा, जिथे दोन छाटलेली नावे एकमेकांवर येतात तेवढ्याच ठिकाणी विचार करणे कमी कष्टाचे पडते.

कामाची रीत

मूळ उतरवलेले नाव कधीही पुसू नये. एका रकान्यात पुस्तकावरचे रूप आणि दुसऱ्यात प्रमाण रूप असे दोन रकाने ठेवले, तर चुकीची छाटणी मागे घेता येते. गावाचेही तसेच: ते गोळा करताना नेहमी भरावे आणि छापायचे की नाही हे सूचीच्या शैलीवर सोडावे. संदर्भसूची बनवणाऱ्या बिबटेक या संगणक-प्रणालीच्या नोंदीत प्रकाशकाच्या गावासाठी `address` हा रकाना आहे, बिबलेटेकमध्ये `location`. शैली बदलली की हेच गाव एका जागी छापले जाते आणि दुसऱ्या जागी गळते; नोंदीला हात लावावा लागत नाही. गाव `publisher` रकान्यात नावाला चिकटवून लिहिले असेल तर मात्र प्रत्येक नोंद उघडून ते सोडवावे लागते.

छाटणीची सुरुवात सगळी प्रकाशकनावे एका फाइलमध्ये, ओळीला एक अशी, काढून होते. त्यावर पुढची आज्ञा चालवली की शेवटची शेपटे जातात आणि प्रत्येक रूप किती वेळा आले ते दिसते:

```
sed -E 's/,? (Inc|Ltd|Limited|LLC|GmbH)\.?$//' pub.txt | sort | uniq -c
```

यातले `$` चिन्ह महत्त्वाचे आहे. ते नसेल तर नावाच्या मध्ये आलेला तसाच शब्दही उडतो. ही आज्ञा मुद्दाम भित्री ठेवली आहे: ‘मॅकमिलन अँड कंपनी, लिमिटेड’मधून ती फक्त ‘लिमिटेड’ काढते, आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’मधला ‘प्रायव्हेट’ मागे राहतो. राहिलेले डोळ्यांनी पाहून काढावे. ‘कंपनी’, ‘पब्लिशिंग’, ‘बुक्स’ हे शब्द त्या कंसात भरण्याचा मोह होतो. स्प्रिंगरसारख्या जोड्या तिथेच हरवतात, आणि हरवल्या हे आकडेवारीत दिसतही नाही, उलट एकाच नावासमोर मोठी संख्या आली की काम छान झाले असे वाटते. म्हणून छाटणीनंतर प्रत्येक प्रमाण नावाखाली कोणकोणती मूळ रूपे आणि कोणकोणती गावे गोळा झाली ती यादी काढून पाहावी. एका नावाखाली दोन देशांतली गावे आली तर तिथे एकतर शाखा असते, नाहीतर दुसरी संस्था.

एकसारखेपणा किती मागे न्यावा

प्रमाणीकरण एका काळातल्या रूपांचे करायचे असते, संस्थेच्या वंशावळीचे नाही. हार्पर अँड ब्रदर्स १९६२ मध्ये हार्पर अँड रो झाली, आणि १९९० मध्ये हार्परकॉलिन्स. १९२० च्या पुस्तकाच्या नोंदीत हार्परकॉलिन्स लिहिले तर त्या काळी अस्तित्वात नसलेल्या संस्थेच्या नावावर पुस्तक जाते, आणि आवृत्ती ओळखण्याचा एक धागा तुटतो. पुस्तकावरचे नाव राहू द्यावे आणि फक्त त्याचे शेपूट कापावे. इम्प्रिंटला, म्हणजे मोठ्या संस्थेच्या छत्राखाली वेगळ्या नावाने चालणाऱ्या प्रकाशनालाही, हेच लागू: पालक संस्था मोठी आणि माहितीची असली तरी शीर्षकपृष्ठावर जे इम्प्रिंट आहे तेच प्रकाशक म्हणून द्यावे.

काही जुन्या शीर्षकपृष्ठांवर प्रकाशकाच्या जागी व्यक्तीचे नाव असते. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची १९१३ ते १९४५ मधली कित्येक पुस्तके ‘लंडन: हम्फ्री मिलफर्ड, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस’ या ओळीखाली निघाली, मिलफर्ड तेव्हा तिथले प्रकाशक होते. अशा नोंदींत संस्थेचे नाव ठेवून व्यक्ती गाळता येते, पण ‘लंडन’ बदलून ‘ऑक्सफर्ड’ करू नये. त्याच काळात ऑक्सफर्डहून क्लॅरेंडन प्रेस या इम्प्रिंटखाली वेगळी पुस्तके निघत होती, आणि लंडन की ऑक्सफर्ड यावरून पुस्तक कोणत्या बाजूचे ते कळते.